‘दास झेए इश एटवास आंदर्स’: जर्मन बी२ च्या चर्चेत मत मांडणं, मान्य करणं आणि सभ्यपणे नाकारणं

ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी२ परीक्षेत बोलण्याच्या विभागाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रत्येकाने एका विषयावर साधारण 4 मिनिटं बोलायचं. दुसऱ्या भागात दोन्ही परीक्षार्थींनी एकाच प्रश्नावर साधारण 5 मिनिटं एकमेकांशी चर्चा करायची. हा लेख त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा द्या किंवा जर्मनीत, स्वरूप तेच असतं. वर्गात तीन-चार जणांच्या गटात जी चर्चा करायला सांगतात, तिलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. त्यातला वेगळेपणा शेवटाकडे दिला आहे.

जर्मन वाक्यं इथे मुद्दाम उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, कारण ती तोंडी बसायला हवीत. ‘इश’, ‘निश्ट’, ‘रेश्ट’ यांतला ‘श’ खरं तर ‘ह’ आणि ‘श’ यांच्या मधला, जीभ टाळूजवळ नेऊन सोडलेला श्वास आहे. ‘फ्युर’, ‘क्योंटे’ यांतले स्वर ओठांचा चंबू करून म्हणायचे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं वाचता येईल.

काम नेमकं काय आहे

कागदावर एक प्रश्न असतो. तुम्ही एका वादविवाद मंडळाचे सदस्य आहात असं मानून त्यावर बोलायचं असतं. प्रश्नाखाली मदतीला काही मुद्दे छापलेले असतात. सूचना मोजक्या आहेत: आपली भूमिका आणि कारणं सांगा, समोरच्याच्या मुद्द्यांना प्रतिसाद द्या आणि शेवटी तुम्ही बाजूने आहात की विरोधात ते सांगून चर्चा गुंडाळा.

यातली मधली सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गुण देताना शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार पाहतात, तसाच ‘इंटराक्त्सिओन’ म्हणजे परस्परसंवाद हा या भागात स्वतंत्र निकष असतो. तुम्ही पाठ केलेले पाच मुद्दे अस्खलितपणे म्हटलेत, पण समोरच्याच्या एकाही वाक्याला हात लावला नाही, तर त्या निकषावर तुम्हाला फारसं काही मिळत नाही. उलट भाषा थोडी अडखळती असली तरी प्रत्येक वेळी समोरच्याचा मुद्दा उचलून पुढे नेलात, तर परीक्षकांना हवं तेच तुम्ही करत असता. उत्तीर्ण व्हायला बोलण्याच्या विभागात 100 पैकी 60 गुण लागतात.

5 मिनिटांचं गणित मांडून पाहा. दोघांत वाटले तर वाट्याला अडीच मिनिटं येतात. एका वेळी 20 ते 30 सेकंद बोललात तर तुमची पाळी पाच ते सात वेळा येते. म्हणजे एका पाळीत तीन-चार वाक्यं पुरेत, आणि त्यातलं पहिलं वाक्य समोरच्याला दिलेलं उत्तर असलं पाहिजे.

पहिली पायरी: तयारीच्या 15 मिनिटांतली 5 मिनिटं

परीक्षेच्या खोलीत जाण्याआधी दोन्ही भागांसाठी मिळून 15 मिनिटं तयारीला मिळतात. शब्दकोश आणि फोन वापरता येत नाहीत. पहिल्या भागात एकट्याने 4 मिनिटं बोलायचं असल्याने त्याला 10 मिनिटं आणि चर्चेला 5 मिनिटं ही विभागणी सोयीची पडते.

चर्चेच्या कागदावर वाक्यं लिहू नका. वाक्य लिहिलं की डोळे कागदावर जातात आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या बाजूचे तीन मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत. उजवीकडे समोरचा काय म्हणेल याचे दोन अंदाज. त्या उजवीकडच्या मुद्द्यांपैकी एक तुम्हाला खरोखर मान्य होईल असा शोधा आणि त्याभोवती गोल करा. हा गोल केलेला मुद्दा पुढे फार उपयोगी पडतो, कारण सभ्य असहमतीची सुरुवात काहीतरी मान्य करण्यापासून होते.

भूमिका निवडताना आपलं खरं मत काय यात अडकू नका. ज्या बाजूचे शब्द तुम्हाला जर्मनमध्ये येतात, ती बाजू घ्या.

दुसरी पायरी: मत मांडायचे तीन साचे

पुस्तकांत मत मांडायचे वीस वाक्प्रचार दिलेले असतात. परीक्षेत तीन पुरतात, पण त्यांत क्रियापद कुठे येतं हे पक्कं हवं.

पहिला साचा: ‘माइनर माइनुंग नाख…’, म्हणजे ‘माझ्या मते’. याच्या पाठोपाठ क्रियापद येतं: ‘माइनर माइनुंग नाख झिंट पार्कप्लेत्से त्सू टॉयर’ (माझ्या मते पार्किंगच्या जागा फार महाग आहेत). ‘झिंट’ आधी, ‘पार्कप्लेत्से’ नंतर. ‘माझ्या मते’ म्हणून आपण श्वास घेतो आणि नवं वाक्य सुरू केल्यासारखं ‘पार्कप्लेत्से झिंट…’ म्हणून जातो. ही चूक बी२ ला लगेच कानाला खटकते. दुसरी चूक म्हणजे ‘माइनर माइनुंग नाख देंके इश…’, ‘माझ्या मते मला वाटतं’. दोन्हींतलं एकच घ्या.

दुसरा साचा: ‘इश फिंदे, दास…’, म्हणजे ‘मला वाटतं की’. ‘दास’ नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं: ‘इश फिंदे, दास पार्कप्लेत्से त्सू टॉयर झिंट.’ मराठी माणसाला हा साचा खरं तर सोपा जावा. ‘मला वाटतं की पार्किंगच्या जागा फार महाग आहेत’, इथे ‘आहेत’ शेवटी, तिथे ‘झिंट’ शेवटी. घोटाळा होतो तो इंग्रजीच्या सवयीने. ‘दास’ उच्चारलात की मनात मराठी वाक्य चालवा, क्रियापद आपोआप जागेवर जाईल.

‘दास’ गाळूनही बोलता येतं, पण मग क्रम साध्या वाक्याचा राहतो: ‘इश फिंदे, पार्कप्लेत्से झिंट त्सू टॉयर.’ बोलता बोलता वाक्य लांबतंय, शेवटचं क्रियापद सांभाळता येणार नाही असं वाटलं तर हा मार्ग घ्यावा. बोलीत तो पूर्णपणे स्वाभाविक आहे.

तिसरा साचा भूमिका सांगायचा: ‘इश बिन दाफ्युर’ (मी बाजूने आहे), ‘इश बिन दागेगेन’ (मी विरोधात आहे). पहिल्या पाळीत आणि शेवटच्या पाळीत यातलं एक वाक्य यायलाच हवं.

मत सांगितलं की लगेच कारण जोडा. ‘वाइल’ (कारण की) नंतरही क्रियापद शेवटी जातं. कारणाशिवायचं मत हवेत राहतं आणि समोरच्याला पकडायला काहीच मिळत नाही.

तिसरी पायरी: मान्य करताना किती मान्य करतोय ते कळू द्या

इथे एक मराठी सवय आड येते. समोरचा बोलत असताना आपण ‘बरोबर… बरोबर… हो…’ म्हणत राहतो. त्याचा अर्थ ‘मी ऐकतोय, बोला’ एवढाच असतो. पण जर्मनमध्ये ‘गेनाउ’ (अगदी बरोबर) किंवा ‘रिश्टिश’ म्हणणं म्हणजे सहमती नोंदवणं. तीन वेळा ‘गेनाउ’ म्हणून झाल्यावर तुम्ही ‘मी याच्या विरोधात आहे’ असं सुरू केलंत, तर समोरचा गोंधळतो आणि परीक्षकांना वाटतं की तुम्हाला त्याचं बोलणं समजलंच नाही. नुसतं ऐकतोय हे दाखवायचं असेल तर ‘हं’ म्हणा, किंवा ‘आह, या’ म्हणा. ‘गेनाउ’ खऱ्या सहमतीसाठी राखून ठेवा. मान डोलावण्याचंही तेच. आपली आडवी डोलणारी मान ‘हो’ आहे की ‘नाही’, हे जर्मन परीक्षकाला कळेलच असं नाही. तोंडाने सांगा.

पूर्ण सहमतीला ‘दास झेए इश आउख झो’ (मलाही तसंच वाटतं) हे सगळ्यात सुरक्षित वाक्य आहे. ‘दा हाबेन झी रेश्ट’ (यात तुमचं म्हणणं खरं) हेही उत्तम. ‘झी झिंट रिश्टिश’ असं मात्र कधीही म्हणू नका. ते इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उचललेलं आहे. जर्मनमध्ये माणसाकडे ‘रेश्ट’ असतं, माणूस ‘रिश्टिश’ नसतो. ‘इश श्टिमे ईनेन त्सू’ हे जरा औपचारिक. त्यात ‘ईनेन’ च्या आधी ‘मिट’ घालायचा नाही. आपण ‘तुमच्याशी सहमत’ म्हणतो म्हणून तो घुसतो.

‘आइनफेर्श्टांदेन’ हा शब्द नवशिके सरसकट ‘सहमत’ म्हणून वापरतात. तो मुख्यतः प्रस्तावाला होकार देण्यासाठी आहे, ‘चालेल, माझी हरकत नाही’ या अर्थाने. ‘रविवारी भेटू या’ याला ‘आइनफेर्श्टांदेन’ चपखल बसतो. मतापुढे ‘दास झेए इश आउख झो’ म्हणा.

अर्धवट सहमतीसाठी एक छोटा शब्द शिकून घ्या: ‘शोन’. ‘दास श्टिम्ट’ म्हणजे ‘ते खरं आहे’. ‘दास श्टिम्ट शोन’ म्हणजे ‘ते खरं आहे म्हणा…’, आणि ऐकणाऱ्याला पुढे ‘पण’ येणार हे कळून चुकतं. आपलं ‘म्हणा’ वाक्याच्या शेवटी जे करतं, तेच ‘शोन’ करतो. लिहिताना शोभणारी आवृत्ती ‘एस श्टिम्ट त्स्वार, दास…, आबर…’ अशी आहे आणि ती बी२ च्या चर्चेत एकदा आली तर चांगलं दिसतं. दर वेळी आली तर पाठ केल्यासारखी वाटते.

चौथी पायरी: नाकारणं

जर्मन माणसं स्पष्ट बोलतात हे खरं. त्यावरून ‘दास इस्ट फाल्श’ (ते चूक आहे) म्हटलं तर चालेल असा समज होतो. आकडा चुकला असेल, तारीख चुकली असेल तर हे वाक्य ठीक. मताला लावलं तर ते दार आपटल्यासारखं लागतं. ‘झी हाबेन उनरेश्ट’ (तुमचं चुकतंय) त्याहून वाईट, कारण ते माणसावर जातं. जर्मन स्पष्टपणाचा नियम असा की मुद्द्यावर सरळ बोला, माणसाला मध्ये आणू नका. म्हणून नाकारायची चांगली वाक्यं ‘दास’ किंवा ‘दा’ ने सुरू होतात, म्हणजे ‘ते’ किंवा ‘त्या बाबतीत’ने, आणि पुढे ‘मी’ येतो. ‘तुम्ही’ त्यांत नसतोच.

सगळ्यात मऊ आहे ‘दा बिन इश मिअर निश्ट झो झिशर’, म्हणजे ‘त्याबद्दल मला तितकीशी खात्री नाही’. त्यानंतर ‘दास झेए इश एटवास आंदर्स’, ‘मी ते जरा वेगळ्या नजरेने बघतो’. यातला ‘एटवास’ म्हणजे ‘जरा’. तो काढलात की वाक्य एका पायरीने कडक होतं. आणखी स्पष्ट म्हणायचं तर ‘दा बिन इश आंदरर माइनुंग’, ‘यात माझं मत वेगळं आहे’. शेवटचं वाक्य सभ्यच आहे, त्याला घाबरायचं कारण नाही, पण चर्चेत एकदाच वापरा. इथला ‘दास’ ‘ते’ या अर्थाचा आहे, मघाचा ‘की’ अर्थाचा नव्हे, म्हणून या तिन्हींत ‘दास’ किंवा ‘दा’ नंतर क्रियापद आणि मग ‘इश’ असा क्रम आहे. ‘दास इश झेए’ असं म्हणू नका.

दुसरं साधन म्हणजे क्रियापदाचं संकेतार्थी रूप. ‘इस्ट’ (आहे) च्या जागी ‘वेरे’ (असेल, असावं), ‘कान’ (शकतो) च्या जागी ‘क्योंटे’ (शकेल). ‘दास इस्ट श्वीरिश’ म्हणजे ‘ते अवघड आहे’, निकाल लागला. ‘दास क्योंटे फ्युर एल्टरे मेन्शेन श्वीरिश झाइन’ म्हणजे ‘वयस्कर माणसांना ते अवघड जाऊ शकेल’. विरोध तोच, पण समोरच्याला बोलायला जागा राहते. सूचनाही याच रूपात प्रश्न करून द्यावी: ‘क्योंटे मान निश्ट…?’, ‘…असं नाही का करता येणार?’

आणि एक शब्द मराठी माणसाने हक्काने वापरावा: ‘दोख’. समोरचा नकारार्थी प्रश्न विचारतो, ‘तुम्हाला असं नाही वाटत का?’ तुम्हाला वाटत असेल तर ‘या’ म्हणून भागत नाही. तिथे ‘दोख’ लागतो. ‘येणार नाहीस का?’ ला आपण ‘येणार की!’ म्हणतो, त्यातला ‘की’ म्हणजे ‘दोख’. नकार खोडून होकार देणारा. वाटत नसेल तर ‘नाइन’. इथे ‘या’ म्हटलंत तर नक्की काय म्हणायचंय हे कुणालाच कळत नाही.

आता हे एका पाळीत कसं बसवायचं? चार तुकडे एकामागून एक: समोरच्याचा मुद्दा उचला, त्यातलं जे मान्य ते मान्य करा, आपला मुद्दा कारणासकट ठेवा, शेवटी प्रश्न विचारून पाळी परत द्या. पाळी परत देण्याचा प्रश्न म्हणजे ‘वी झेएन झी दास?’ (तुम्हाला काय वाटतं?) किंवा ‘वास माइनेन झी दात्सू?’ यातला उचलण्याचा तुकडा सगळ्यात जास्त वेळा गळतो. नुसतं ‘या, आबर…’ (हो, पण…) म्हणून आपला मुद्दा सुरू केला की आधीचं बोलणं ऐकलं होतं याचा पुरावाच राहत नाही. दहा वेळा ‘या, आबर’ ऐकू येणारी चर्चा म्हणजे दोन भाषणं आळीपाळीने चाललेली असतात.

एक चर्चा, शब्दाला शब्द

प्रश्न घेऊ: ‘झोल्टेन आउटोस इन देर इनेनश्टाट फेरबोटेन वेर्देन?’ शहराच्या मध्यभागात मोटारींना बंदी असावी का? पहिली परीक्षार्थी बाजूने आहे, दुसरा विरोधात.

पहिली: ‘आल्झो, इश बिन दाफ्युर. माइनर माइनुंग नाख वेरे दी लुफ्ट ओने आउटोस फील बेसर. वी झेएन झी दास?’
(तर, मी बाजूने आहे. माझ्या मते मोटारी नसतील तर हवा खूप चांगली राहील. तुम्हाला काय वाटतं?)

भूमिका, एकच कारण आणि प्रश्न, साधारण 12 सेकंदांत. बाकीचे दोन मुद्दे तिने राखून ठेवलेत. तिन्ही पहिल्याच पाळीत ओतले असते तर तिसऱ्या मिनिटाला बोलायला काही उरलं नसतं.

दुसरा: ‘दास मिट देर लुफ्ट श्टिम्ट शोन. आबर वास पासिअर्ट मिट देन गेशेफ्टेन? ओने पार्कप्लेत्से कोमेन फीलाइश्ट वेनिगर कुंदेन.’
(हवेचं खरं आहे म्हणा. पण दुकानांचं काय होईल? पार्किंग नसेल तर कदाचित गिऱ्हाइकं कमी येतील.)

‘दास मिट देर लुफ्ट’ म्हणजे ‘ते हवेचं’. समोरच्याचा मुद्दा तीन-चार शब्दांत उचलायची ही फार सोपी युक्ती आहे. ‘दास मिट’ पुढे मुद्द्यातलं नाम ठेवायचं की झालं. ‘फीलाइश्ट’ (कदाचित) विरोधाची धार कमी करतो.

पहिली: ‘इश फेर्श्टेए, वास झी माइनेन. दास झेए इश आबर एटवास आंदर्स. इन फीलेन दॉयचेन श्टेटेन गिप्ट एस फुसगेंगरत्सोनेन, उन्ट दोर्ट काउफेन फीले लॉयटे आइन. फिंदेन झी निश्ट?’
(तुमचं म्हणणं कळतंय. पण मी ते जरा वेगळ्या नजरेने बघते. अनेक जर्मन शहरांत पादचारी भाग आहेत आणि तिथे पुष्कळ लोक खरेदी करतात. तुम्हाला नाही वाटत?)

नुसतं ‘मला तसं वाटत नाही’ म्हणून ती थांबली नाही, उदाहरण दिलं. कासेल शहरातली ‘ट्रेपेनश्ट्रासे’ 1953 पासून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. असं एखादं नाव आणि वर्ष ठाऊक असेल तर जरूर सांगावं. लक्ष्मी रस्त्याचं उदाहरणही चालतं, फक्त तो पुण्यातला गर्दीचा बाजाररस्ता आहे हे एका वाक्यात सांगायला हवं.

दुसरा: ‘दोख, दास श्टिम्ट. ट्रोत्सदेम इस्ट एस फ्युर एल्टरे मेन्शेन श्वीरिश. वी कोमेन झी त्सुम आर्त्स्ट?’
(वाटतं की, खरं आहे ते. तरीही वयस्कर माणसांना ते अवघड आहे. ती डॉक्टरकडे कशी जाणार?)

‘दोख’ जागेवर पडला. ‘ट्रोत्सदेम’ (तरीही) च्या मागोमाग क्रियापद ‘इस्ट’ आलं. ‘ट्रोत्सदेम एस इस्ट’ अशी चूक इथे हमखास होते.

पहिली: ‘दा हाबेन झी रेश्ट. क्योंटे मान फ्युर झी निश्ट आइने आउस्नामे माखेन?’
(हे तुमचं खरं. त्यांच्यासाठी अपवाद नाही का करता येणार?)

दुसरा: ‘या, दामिट वेरे इश आइनफेर्श्टांदेन.’
(हो, त्याला माझी हरकत नसेल.)

समोर प्रस्ताव आहे, म्हणून ‘आइनफेर्श्टांदेन’ इथे शोभतो.

पहिली: ‘दान झिंट विअर उन्स इन दीझेम पुंक्ट आइनिश. इश बिन आल्झो दाफ्युर, आबर मिट आउस्नामेन. उन्ट झी?’
(मग या मुद्द्यावर आपलं एकमत आहे. तर मी बाजूने आहे, पण अपवादांसह. आणि तुम्ही?)

दुसरा: ‘इश बिन एअर दागेगेन. आबर मिट आउस्नामेन क्योंटे इश लेबेन.’
(मी विरोधाकडेच झुकतो. पण अपवाद असतील तर मी चालवून घेईन.)

शेवटी दोघांचं एकमत झालंच पाहिजे असं बंधन नाही. दोघांनी आपापली भूमिका सांगितली की काम पूर्ण. इथे छापलेली चर्चा दीड-दोन मिनिटांची आहे. परीक्षेत याच रीतीने आणखी दोन-तीन मुद्दे फिरवायचे.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं

*दोघंही एकाच बाजूचे निघाले.* हे नेहमी होतं आणि दुसऱ्या मिनिटाला शांतता पसरते. भूमिका बदलायची गरज नाही. बाहेरचा आक्षेप आत आणा: ‘आबर मान क्योंटे आउख झागेन, दास…’ (पण असंही म्हणता येईल की…). उजव्या रकान्यात लिहिलेले दोन अंदाज आता कामाला येतात.

*समोरचा थांबतच नाही.* त्याच्या श्वासाच्या जागी शिरा: ‘दार्फ इश कुर्त्स एटवास दात्सू झागेन?’ (यावर मी थोडं बोलू का?). ‘दात्सू’ म्हणजे ‘त्यावर’. तो महत्त्वाचा, कारण तुम्ही विषय तोडत नसून त्याच्याच मुद्द्यावर बोलणार आहात हे त्यातून कळतं. अदबीपोटी वाट पाहत बसलात तर तुमचा वेळ जातो आणि परीक्षकांना गुण द्यायला काही ऐकूच येत नाही. उलट तुम्हालाच कुणी तोडलं तर ‘इश बिन ग्लाइश फेर्टिश’ (माझं आता होतच आलंय) म्हणा, पण मग खरोखर एका वाक्यात संपवा.

*समोरचा बोलतच नाही.* त्याच्या वाट्याचं तुम्ही बोलू नका. ज्याचं उत्तर सोपं असेल असा प्रश्न विचारा: ‘फारेन झी ओफ्ट मिट देम आउटो?’ (तुम्ही नेहमी गाडीने जाता का?). त्याचं उत्तर उचलून पुढे जा. तुमच्या परस्परसंवादाच्या गुणांना हे पोषकच आहे.

*त्याचं बोलणं कळलंच नाही.* मान डोलावून आपला पुढचा मुद्दा काढणं हा सगळ्यात महाग पडणारा मार्ग. ‘माइनेन झी दामिट, दास…?’ (म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की…?) असं विचारून जेवढं कळलं तेवढं परत म्हणा. चुकीचं कळलं असेल तर तो दुरुस्त करेल. काहीच कळलं नसेल तर ‘क्योनेन झी दास बिटे नोख आइनमाल झागेन?’ विचारायला हरकत नाही.

*‘झी’ आणि ‘दू’ ची सरमिसळ.* जोडीदार वर्गातला मित्र असतो, त्यामुळे सुरुवात ‘झी’ने होते आणि दुसऱ्या मिनिटाला ‘दू’ निघून जातं. दोन्ही चालतात, मिसळ चालत नाही. आत जाण्याआधी एकमेकांशी ठरवून घ्या. ‘झी’ घेतलंत तर क्रियापदं सोपी पडतात, कारण ‘झी’ चं रूप बहुतेक मूळ क्रियापदासारखंच असतं. ‘दू’ ठरलं तर वरची वाक्यं ‘दा हास्ट दू रेश्ट’, ‘वी झीस्ट दू दास?’ अशी बदलतात आणि तशीच घोटावी लागतात.

तीन-चार जणांचा गट असेल तर

वर्गातल्या गटात, किंवा जर्मनीत नोकरी-प्रशिक्षणाच्या निवडीत कधी कधी घेतात त्या ‘ग्रुपेनदिस्कुसिओन’मध्ये, तुम्ही कुणाला उत्तर देताय हे नावासकट सांगावं लागतं. ‘इश म्योश्टे नोख एटवास त्सू देम झागेन, वास माया गेझाग्ट हाट’, म्हणजे ‘मायाने जे म्हटलं त्यावर मला आणखी थोडं बोलायचंय’. नाव घेतलं नाही तर तुमची असहमती कुणाशी आहे हे कळत नाही आणि शेवटच्या बोलणाऱ्याला ती लागते.

गटात पाळी परत देतानाही एकाचं नाव घ्या. ‘वास माइनेन दी आंदेरेन?’ (बाकीच्यांना काय वाटतं?) म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. जो बराच वेळ गप्प आहे त्याचं नाव घेऊन विचारा. शिवाय चौघांत 5 मिनिटं वाटली तर वाट्याला सव्वा मिनिट येतं. म्हणून इथे एका पाळीत दोनच वाक्यं आणि एकच मुद्दा.

सराव कसा करायचा

जोडीदार घ्या, घड्याळ 5 मिनिटांवर लावा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. नंतर ऐकताना व्याकरण तपासायला बसू नका. आधी फक्त तीन गोष्टी मोजा: तुमच्या किती पाळ्यांची सुरुवात समोरच्याच्या मुद्द्याने झाली, किती पाळ्या प्रश्नाने संपल्या आणि ‘या, आबर’ किती वेळा आलं. पहिल्या दोन आकड्यांनी निम्म्याच्या वर जायला हवं, तिसऱ्याने दोनच्या आत राहायला हवं. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा क्रियापदाची जागा तपासा, तीही फक्त ‘माइनर माइनुंग नाख’, ‘दास’, ‘वाइल’ आणि ‘ट्रोत्सदेम’ या चार शब्दांच्या पुढची.

मग तोच प्रश्न बाजू बदलून पुन्हा घ्या. जोडीदाराने मघाशी जे आक्षेप घेतले, ते आता तुम्हाला घ्यायचे आहेत, त्यामुळे शब्द ओळखीचे असतात आणि लक्ष पूर्णपणे उत्तर देण्याकडे राहतं. जोडीदार मिळालाच नाही तर एखादी जर्मन रेडिओ-चर्चा लावा, प्रत्येक मताच्या शेवटी थांबवा आणि 20 सेकंदांत उत्तर द्या, ‘दास मिट…’ ने सुरुवात करून.